ओळीत पाच: खुली तिकडी आणि खुली चौकडी ओळखण्याची रीत

चौकटीच्या वहीत फुल्या आणि गोळे मांडून ओळीत पाच करण्याचा खेळ लातूर, नांदेड, परभणीकडच्या वसतिगृहांत आणि अभ्यासिकांत शिकणाऱ्या मुलामुलींना शिकवावा लागत नाही, कारण त्याचे नियम एका वाक्यात सांगून होतात. दोघांनी आळीपाळीने एकेक खूण करावी आणि आडव्या, उभ्या किंवा तिरक्या रेषेत स्वतःच्या पाच खुणा सलग आणणारा जिंकावा, इतकाच हा खेळ आहे. जपानमध्ये तो गोमोकू या नावाने ओळखला जातो आणि तेथे काळ्या-पांढऱ्या सोंगट्या चौकटींत न ठेवता रेषांच्या छेदावर ठेवतात; खेळाच्या दृष्टीने त्याने काहीही फरक पडत नाही. या लेखात पाच किंवा पाचांहून अधिक खुणा सलग आल्या की विजय, असा साधा नियम गृहीत धरला आहे.

नियम सोपे असूनही नवखा खेळाडू वारंवार हरतो, त्याला बहुधा एकच कारण असते. समोरच्याच्या चार खुणा झाल्यावर तो जागा होतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. ज्यांनी गावाकडे नवकांकरी खेळली आहे त्यांची अडचण थोडी निराळी असते: तेथे तीन सोंगट्या एका रेषेत आल्या की समोरच्याची सोंगटी लगेच मारता येते, येथे मात्र तीन खुणांनी हाती काहीच लागत नाही, त्यामुळे तीनांकडे एक तर दुर्लक्ष होते किंवा कोणतेही तीन दिसले की घाबरून अडवले जातात. या दोन्ही चुका टाळण्यासाठी खरी तिकडी कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखता आले पाहिजे.

पट आणि खुणांची नावे

वहीच्या पानावर 15 बाय 15 घरांचा चौरस आखून घ्यावा. उभ्या स्तंभांना डावीकडून क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ, ड, ढ, त, थ, द अशी अक्षरे द्यावीत आणि आडव्या ओळींना खालून वर 1 ते 15 असे क्रमांक द्यावेत. म्हणजे पटाच्या बरोबर मधले घर झ8 होते. ज्यांना डाव मागे नेऊन पुन्हा तपासायचा आहे त्यांनी वहीऐवजी फरशीवर खडूने पट आखून एकाने चिंचोके आणि दुसऱ्याने पांढरे खडे वापरावेत, कारण शाईने केलेली खूण उचलता येत नाही आणि शिकण्याचा बराचसा भाग खुणा उचलून पुन्हा मांडण्यातच असतो. पुढील आकृत्यांत × ही फुली, ○ हा गोळा आणि · हे रिकामे घर समजावे.

पहिली पायरी: चौकडी

तिकडी समजण्याआधी चौकडी समजली पाहिजे, कारण तिकडीचे सगळे महत्त्व ती पुढच्या खेळीत कोणती चौकडी होऊ शकते यावर ठरते.

```
· × × × × ·      खुली चौकडी
○ × × × × ·      बंद चौकडी
· × × · × × ·    फटीची चौकडी
```

पहिल्या आकृतीत फुलीला पाच पूर्ण करण्यासाठी दोन घरे आहेत, डावे टोक आणि उजवे टोक. गोळ्याला एका खेळीत एकच घर अडवता येते, म्हणून खुली चौकडी झाली की डाव संपल्यातच जमा असतो. त्या क्षणी गोळ्याचे स्वतःचे पाच पूर्ण होत असतील किंवा त्याला चौकड्या करत राहता येत असतील, तरच काही आशा उरते. दुसऱ्या आकृतीत एक टोक आधीच अडलेले असल्याने जिंकण्याचे घर एकच आहे, आणि ते अडवले की धोका संपतो. तिसऱ्या आकृतीत दोन्ही टोके मोकळी दिसत असली, तरी जिंकण्याचे घर मधली फट हेच आहे, कारण टोकाला फुली केल्यास पाच खुणा होतील पण त्या सलग होणार नाहीत. म्हणून फटीची चौकडी ताकदीने बंद चौकडीइतकीच असते, मात्र नजरेतून निसटण्यात ती सर्वांच्या पुढे असते. चार खुणा एकत्र दिसल्या नाहीत म्हणून गोळेवाला आपली खेळी दुसरीकडे खेळतो आणि फुलीवाला फट भरून डाव संपवतो, असे नवख्यांच्या डावांत अनेकदा घडते.

बंद चौकडीने एकट्याने डाव जिंकता येत नाही, तरी तिच्यात एक मोठा गुण आहे: समोरच्याला तिला उत्तर द्यावेच लागते आणि तेही ठरलेल्या एकाच घरात. अशा खेळीला या लेखात सक्तीची खेळी म्हटले आहे. पुढचा सगळा हल्ला याच सक्तीवर उभा राहतो.

दुसरी पायरी: खरी तिकडी आणि खोटी तिकडी

ज्या तीन खुणांची पुढच्या एका खेळीत खुली चौकडी होऊ शकते, त्याच तीन खुणांना खुली तिकडी म्हणावे. ही व्याख्या पाठ करण्यापेक्षा प्रत्येक वेळी प्रत्यक्ष करून पाहावी: मनात चौथी खूण ठेवावी आणि तिच्या दोन्ही टोकांना रिकामे घर उरते का ते बघावे.

```
1.  · · × × × · ·
2.  ○ · × × × · ·
3.  · × · × × ·
4.  ○ · × × × · ○
```

पहिल्या आकृतीत दोन्ही बाजूंना दोन-दोन घरे मोकळी आहेत, म्हणून फुलीला चौथी खूण कोणत्याही बाजूला करून खुली चौकडी साधता येते. दुसऱ्या आकृतीत डावीकडे एकच घर सोडून गोळा बसला आहे. तरीही उजवीकडे चौथी फुली केली की तिच्या पलीकडे एक घर आणि डावीकडे एक घर उरते, म्हणून हीसुद्धा खरी तिकडी आहे. तिसरी फटीची तिकडी आहे, आणि फट भरताच ती खुली चौकडी होते. चौथी आकृती मात्र फसवी आहे. तिन्ही खुणा सलग आहेत, दोन्ही शेजारची घरे रिकामी आहेत, आणि तरीही दोन गोळ्यांच्या मध्ये एकूण पाचच घरे असल्याने चौथी फुली कोठेही केली तरी जिंकण्याचे घर एकच उरते. हिला लगेच उत्तर देण्याची गरज नसते. पटाची कडही गोळ्यासारखेच काम करते, म्हणून कडेपासून एक घर सोडून केलेल्या तिकडीच्या दुसऱ्या बाजूलाही एक घर सोडून गोळा असेल, तर तीही खोटीच ठरते.

ओळख पटवण्याचा एक सोपा हिशेब आहे. तिकडी ज्या रेषेत आहे तेथे सलग सहा घरांचा असा तुकडा सापडला पाहिजे, ज्याची दोन्ही टोकांची घरे रिकामी आहेत आणि मधल्या चार घरांत तीन आपल्या खुणा व एक रिकामे घर आहे. असा तुकडा सापडला तर तिकडी खुली आहे, न सापडल्यास नाही. पहिल्या आकृतीत असे दोन तुकडे सापडतात, दुसऱ्या व तिसऱ्या आकृतीत एकेक सापडतो, चौथ्या आकृतीत एकही नाही.

तिसरी पायरी: समोरच्याची प्रत्येक खूण तपासणे

समोरच्याने खूण केली की आपल्या बेताकडे वळण्याआधी त्या खुणेपासून चारही रेषा तपासाव्यात: आडवी, उभी, डावीकडून वर चढणारी तिरकी आणि डावीकडून खाली उतरणारी तिरकी. प्रत्येक रेषेत खुणेच्या दोन्ही बाजूंना चार-चार घरे पाहणे पुरेसे असते, कारण पाचांच्या ओळीत त्यापलीकडचे घर त्या खुणेबरोबर येऊच शकत नाही. म्हणजे जास्तीत जास्त 32 घरे पाहायची असतात आणि सवय झाल्यावर त्याला काही क्षणांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

या तपासणीत तिरक्या रेषांना वेगळा वेळ द्यावा. 15 बाय 15 च्या पटावर सलग पाच घरे मिळण्याच्या एकूण 572 जागा आहेत. त्यांपैकी आडव्या 165, उभ्या 165 आणि तिरक्या 242 आहेत. लिहिण्या-वाचण्याच्या सवयीमुळे नजर आडव्या रेषेत आपोआप धावते, तिरक्या रेषेत मात्र तिला मुद्दाम न्यावे लागते, आणि त्यात फट असेल तर तिकडी हमखास सुटते. वहीवर खेळताना वही थोडी तिरपी धरली की तिरक्या रेषा आडव्या-उभ्यासारख्या दिसू लागतात. हा उपाय बालिश वाटला तरी उपयोगी आहे.

चौथी पायरी: तिकडी कोठे अडवावी

खुली तिकडी दिसली की ती त्याच खेळीत अडवायची, हे बहुतेकांना लवकर कळते. कोणत्या घरात अडवायची, हा प्रश्न मात्र सहसा विचारलाच जात नाही, आणि खेळातील खरी समज येथेच दिसते.

वरच्या पहिल्या आकृतीत, म्हणजे दोन्ही बाजू मोकळ्या असताना, योग्य घरे दोनच आहेत: तिकडीला लागून असलेले डावे आणि उजवे. एक घर सोडून पलीकडे गोळा ठेवला तर फुली दुसऱ्या बाजूला चौथी खूण करून खुली चौकडी करते. दुसऱ्या आकृतीत योग्य घरे तीन आहेत, कारण तेथे उजवीकडे एक घर सोडून गोळा ठेवला तरी आकृती चौथीसारखी खोटी होऊन जाते. फटीच्या तिकडीतही घरे तीन असतात: फट आणि दोन्ही टोके. फटीत अडवल्यास फुलीच्या खुणांचे दोन तुकडे होतात आणि तिला त्या रेषेत पुढच्या खेळीत चौकडी करता येत नाही. टोकाला अडवल्यास मात्र ती फट भरून बंद चौकडी करू शकते, म्हणजे एक सक्तीची खेळी तिच्या हाती शिल्लक राहते. म्हणून काही विशेष कारण नसेल तर फटच भरावी. विशेष कारण म्हणजे टोकाचे घर आपल्या स्वतःच्या खुणांना जोडणारे असणे, किंवा त्या टोकाजवळ फुलीची दुसरी एखादी जोडी दबा धरून बसलेली असणे.

ही दुसरी जोडीच बहुतेक डावांचा निकाल लावते. पुढच्या उदाहरणात तेच पाहू.

एक डाव सविस्तर

समजा, लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेत दोन विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत खेळत आहेत. फुलीने झ8 ने सुरुवात केली, गोळा ट9 ला आला. फुली ट8, गोळा ट7. फुली ड7, गोळा ठ7. फुली ड6, गोळा ठ9. आता फुलीने ठ8 ला खूण केली आणि पट असा दिसू लागला:

```
      च छ ज झ ट ठ ड ढ त
10    · · · · · · · · ·
 9    · · · · ○ ○ · · ·
 8    · · · × × × · · ·
 7    · · · · ○ ○ × · ·
 6    · · · · · · × · ·
 5    · · · · · · · · ·
```

आठव्या ओळीत झ, ट, ठ अशी फुलीची खुली तिकडी झाली आहे. दोन्ही बाजू पुरेशा मोकळ्या आहेत, म्हणून गोळ्यापुढे दोनच योग्य घरे आहेत: डावीकडे ज8 आणि उजवीकडे ड8. तिकडीकडे एकटीकडे पाहिले तर ही दोन्ही घरे सारखीच दिसतात आणि नवखा खेळाडू हाताला येईल ते निवडतो. येथे क्षणभर थांबून विचारावे की या दोन घरांपैकी कोणत्या घरातून फुलीची आणखी एखादी रेषा जाते. ज8 मधून फुलीची दुसरी एकही रेषा जात नाही. ड8 च्या थेट खाली मात्र ड7 आणि ड6 अशा दोन फुल्या एकमेकींना लागून बसल्या आहेत.

गोळ्याने ज8 ला अडवले असे धरू. फुली लगेच ड8 ला खेळते. एकाच खुणेने दोन गोष्टी झाल्या: आठव्या ओळीत झ, ट, ठ, ड अशी चौकडी झाली, जिचे डावे टोक ज8 ला बंद आहे आणि जिंकण्याचे घर ढ8 आहे, आणि ड स्तंभात ड6, ड7, ड8 अशी उभी तिकडी झाली, जिच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजू मोकळ्या आहेत. गोळ्याला ढ8 अडवण्यावाचून गत्यंतर नाही, कारण पुढच्या खेळीत फुलीचे पाच होतात. त्यात त्याची खेळी खर्च होते आणि उभ्या तिकडीला उत्तर द्यायला खेळी उरत नाही. मग फुली ड9 ला खेळते, ड6 ते ड9 अशी खुली चौकडी होते, आणि ड5 व ड10 या दोन घरांपैकी गोळा एक अडवतो तोवर फुली दुसऱ्यात पाच पूर्ण करते.

आता डाव मागे घेऊन गोळ्याला ड8 ला अडवू द्यावे. आठव्या ओळीतली तिकडी उजवीकडून बंद होते, आणि त्याच खुणेने उभ्या जोडीचे वरचे टोकही बंद होते. फुलीकडे अजून ज8 किंवा छ8 ला खेळून बंद चौकडी करण्याची संधी आहे, पण त्या दोन्ही घरांतून तिची दुसरी कोणतीही रेषा जात नसल्याने ती चौकडी केवळ एक खेळी आणि एक उत्तर इतक्यावर संपते. दुसरीकडे गोळ्याची बाजू अचानक जिवंत होते: ड8 चा गोळा ठ9 बरोबर उतरत्या तिरक्या रेषेत जोडी करतो आणि ठ7 बरोबर चढत्या तिरक्या रेषेत. या दोन्ही जोड्यांची टोके मोकळी आहेत, आणि नवव्या ओळीत ट9-ठ9 ही जोडीही आहेच. बचावाची खूण आपल्याच खुणांना जोडली गेली की पुढच्या हल्ल्याची सूत्रे बचाव करणाऱ्याकडे येऊ लागतात, म्हणून अडवण्याची दोन घरे सारखी वाटत असतील तर आधी समोरच्याच्या रेषा पाहाव्यात आणि मग स्वतःच्या.

याच डावात गोळ्याने ढ8 ला, म्हणजे एक घर सोडून, अडवले असते तर काय झाले असते, हेही मांडून पाहावे. फुली ज8 ला खेळली असती, ज, झ, ट, ठ अशी चौकडी झाली असती आणि छ8 व ड8 ही दोन्ही टोके मोकळी राहिली असती. दुसरी जोडी वापरण्याची गरजही फुलीला पडली नसती.

पाचवी पायरी: चौकडी आणि तिकडी एका खुणेत कशी साधावी

वरच्या डावात फुलीने जे केले तोच या खेळातला सर्वांत भरवशाचा हल्ला आहे: एकाच खुणेने एक चौकडी आणि एक खुली तिकडी. चौकडी समोरच्याला एकाच घरात बांधून ठेवते आणि तिकडी पुढच्या खेळीत खुली चौकडी होते. यासाठी लागणारा साठा आधीपासून जमवावा लागतो. एका रेषेत एका टोकाने बंद झालेल्या तीन खुणा हव्यात, दुसऱ्या रेषेत मोकळ्या टोकांची एक जोडी हवी, आणि या दोन रेषा एका रिकाम्या घरात मिळायला हव्यात. बंद झालेल्या तीन खुणा नवख्यांना वाया गेलेल्या वाटतात. त्या अडवल्या गेल्या म्हणून त्यांचा विचार सोडून देण्यापेक्षा त्यांच्या उरलेल्या दोन रिकाम्या घरांतून दुसरी कोणती रेषा नेता येईल याचा शोध घ्यावा, कारण त्या घरांत पुढे कधीही सक्तीची खेळी खेळता येते. त्याच कारणाने बंद चौकडी करण्याची घाईही करू नये. काही हेतू नसताना ती केली तर समोरच्याला एक फुकटची खूण मिळते आणि आपला साठा संपतो.

एकाच खुणेने दोन खुल्या तिकड्या करणे हाही हल्लाच आहे, पण तो याहून कच्चा आहे. तिकडीला उत्तर देण्याची घरे दोन किंवा तीन असतात, आणि मधल्या वेळेत समोरच्याला स्वतःची चौकडी करून खेळी आपल्याकडे खेचण्याची सवड मिळते. चौकडीच्या हल्ल्यात ही सवड जवळजवळ नसते.

जवळजवळ असे म्हणण्याला कारण आहे. चौकडी करण्याआधी समोरच्याला ज्या घरात उत्तर द्यावे लागणार आहे ते घर त्याच्या दृष्टीने तपासावे लागते. वरच्याच डावात गोळ्याच्या ढ9, ढ10, ढ11 अशा तीन खुणा आधीपासून असत्या आणि त्यांचे वरचे टोक ढ12 ला फुलीने बंद केलेले असते, तर चित्र पालटले असते. फुलीने ड8 ला चौकडी केली की गोळा सक्तीने ढ8 ला येतो, पण त्याच खुणेने त्याची ढ8 ते ढ11 अशी स्वतःची चौकडी होते आणि आता फुलीलाच ढ7 ला धावावे लागते. तेवढ्यात खेळी गोळ्याकडे परत येते, तो ड9 ला उभी तिकडी अडवतो आणि हल्ला विझतो. असा धोका दिसला तर आधी तीन गोळ्यांची ती रेषा बंद करावी आणि मगच चौकडी खेळावी.

कोणाचा धोका आधीचा

दोघांचेही धोके एकाच वेळी पटावर असले की गोंधळ उडतो, आणि तो मिटवण्यासाठी प्रत्येक धोका विजयापासून किती खेळ्या दूर आहे एवढेच मोजावे. चौकडी विजयापासून एक खेळी दूर असते, खुली तिकडी दोन. आपल्या पाळीला आपली चौकडी असेल तर पाच पूर्ण करावेत. ती नसेल आणि समोरच्याची चौकडी असेल तर ती अडवावी. दोन्ही नसतील आणि आपली खुली तिकडी असेल, तर समोरच्याची तिकडी अडवत न बसता सरळ खुली चौकडी करावी, मात्र समोरच्याला त्याच्या स्वतःच्या खुणांतून सलग चौकड्या करून पाच गाठता येत नाहीत किंवा त्या चौकड्यांच्या वाटेत आपली चौकडी अडवता येत नाही, याची खात्री करून घ्यावी. समोरच्याची तिकडी दिसताच ती अडवण्याच्या नादात स्वतःची आधीची तिकडी विसरणे, ही चूक बऱ्यापैकी सराव झालेल्या खेळाडूंकडूनही होते.

बचाव करणाऱ्याने याच हिशेबाचा आणखी एक उपयोग करावा. समोरच्याची तिकडी अडवण्याआधी आपल्याला बंद चौकडी करता येत असेल आणि तिला मिळणारे सक्तीचे उत्तर आपल्या तोट्याचे नसेल, तर चौकडीची खूण अशा घरात पाडता येते का ते पाहावे, की ती पुढे समोरच्याच्या तिकडीच्या मार्गात येईल. तसे झाल्यास एक खेळी खर्च न करता बचाव होतो आणि पाळी पुन्हा आपल्याकडेच राहते. असे घर नसेल तर मात्र चौकडी राखून ठेवावी.

पहिली खेळी कोणाची

दोघांनाही तिकडी-चौकडी ओळखता येऊ लागल्यावर एक गोष्ट लवकरच जाणवते: सुरुवात करणारा पुन्हा पुन्हा जिंकतो. हा योगायोग नाही. व्हिक्टर ॲलिस या नेदरलँड्समधील संशोधकाने 1994 च्या आपल्या प्रबंधात संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले की कोणतेही बंधन नसलेल्या 15 बाय 15 च्या पटावर पहिला खेळाडू अचूक खेळल्यास नेहमी जिंकू शकतो. त्यासाठी वापरलेली शोधपद्धत मुख्यतः सक्तीच्या खेळ्यांच्या साखळ्यांवर, म्हणजे या लेखात पाहिलेल्या तिकड्या आणि चौकड्यांवरच चालते. जपानमध्ये विकसित झालेल्या रेन्जू या प्रकारात म्हणूनच सुरुवात करणाऱ्या काळ्यावर बंधने आहेत: एकाच खुणेने दोन खुल्या तिकड्या, दोन चौकड्या किंवा सलग सहा खुणा करण्यास त्याला मनाई आहे. एक चौकडी आणि एक खुली तिकडी एका खुणेत साधण्यास मात्र काळ्यालाही परवानगी आहे, त्यामुळे तेथेही काळ्याचा विजय बहुधा याच वाटेने येतो.

घरी किंवा वसतिगृहात खेळताना इतकी बंधने पाळणे जड जाते. त्याऐवजी एकाने सुरुवातीच्या दोन फुल्या आणि एक गोळा स्वतःच्या मनाने मांडावेत, आणि फुली घ्यायची की गोळा हे दुसऱ्याने ते पाहून ठरवावे; त्यानंतरची खेळी गोळ्याची असते. मांडणाऱ्याला कोणती बाजू वाट्याला येईल हे ठाऊक नसल्याने तो फार एकतर्फी मांडणी करत नाही. तीन खुणांकडे पाहून बाजू निवडणाऱ्यालाही मग पहिल्या खुणेपासूनच कोणत्या दोन रेषा कोठे मिळतील याचा अंदाज बांधावा लागतो.